प्रतिसाद: एसटी वर नाही म्हणून थांबायचं?

> "ईसीजीत एसटी वर नव्हता, एनस्टेमी म्हणाले, मग अँजिओग्राफी लगेच का नाही केली?"

स्टेमीत, म्हणजे ईसीजीच्या रेषेतला एसटी हा भाग वर उचललेला दिसतो त्या हार्ट अटॅकमध्ये, गुठळीने हृदयाची रक्तवाहिनी बहुतेक वेळा पूर्ण बंद झालेली असते, म्हणून ती ताबडतोब उघडायची, आणि 120 मिनिटांत अँजिओप्लास्टी होणार नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं. एनस्टेमीत, म्हणजे एसटी वर नसलेल्या अटॅकमध्ये, वाहिनी सहसा अर्धवट बंद असते, एसटी खाली किंवा ईसीजीतली टी ही लहर उलटी दिसते, कधी ईसीजी नॉर्मलही येतो आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन तपासल्यावरच कळतं, तिथे ते इंजेक्शन देत नाहीत कारण फायदा नाही आणि रक्तस्त्रावाचा धोका मात्र आहे. अ‍ॅस्पिरिन, हेपारिन अशी गुठळी वाढू न देणारी औषधं चालू करून धोका जास्त असेल तर 24 तासांत अँजिओग्राफी करतात. पण औषधं देऊनही छातीत दुखत राहिलं किंवा बीपी पडलं तर 2 तासांच्या आत.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. समजा पेशंटला तासभर दुखतंय आणि ईसीजीच्या छातीवरच्या व्ही1 ते व्ही3 लीडमध्ये एसटी खाली आहे, तर हा हृदयाच्या मागच्या भिंतीचा स्टेमी असू शकतो, समोरून उलटा दिसतो इतकंच. पाठीवर व्ही7 ते व्ही9 लीड लावा, तिथे एसटी अर्धा मिलिमीटर जरी वर असला तरी सरळ अँजिओग्राफी करतात ती कॅथलॅब गाठायची, ट्रोपोनिनची वाट बघत बसायचं नाही.