मदत हवी आहे: अरबी व्याकरणात काना किंवा लैसा आलेल्या वाक्यात इस्म कोणतं ते कसं ओळखायचं?

मूळ नियम समजला आहे. ‘अल-बैतु कबीरुन’ला काना लागला की ‘कानल-बैतु कबीरन’ होतं, म्हणजे इस्म रफ़मध्येच राहतं आणि ख़बर नस्बमध्ये जाते. अनेकवचनात हाच फरक ‘हादिरूना’चं ‘हादिरीना’ होऊन दिसतो, तेही जमतं.

शब्दक्रम उलटला की मात्र मी चुकते. ‘काना फ़िल-बैति रजुलुन’ इथे मी ‘रजुलन’ लिहिलं होतं. शेवटचा शब्द म्हणजे ख़बर, असं धरून चालले होते. काना काढून वाक्य पुन्हा वाचलं तेव्हा चूक कळली: ‘फ़िल-बैति’ हीच ख़बर आहे, ती आधी आली आहे. तेव्हापासून असंच तपासते, आणि बहुतेक ठिकाणी उत्तर बरोबर येतं.

कुराणातल्या २:१७७ या आयतीत मात्र ही युक्ती चालत नाही. ‘लैसल-बिर्रा अन तुवल्लू वुजूहकुम’, हफ़्सच्या पठणात ‘अल-बिर्रा’ नस्बमध्ये आहे, म्हणजे ती ख़बर आणि ‘अन तुवल्लू’ हे इस्म. पण इतर बऱ्याच क़ारींनी ‘अल-बिर्रु’ वाचलं आहे, तिथे सगळं उलट. ‘अन’च्या उपवाक्यावर रफ़-नस्बची खूण दिसतच नाही, त्यामुळे ताडून बघायला काही उरत नाही.

मला लेखी परीक्षेत इराब मांडायचा आहे, बोलीतलं नको. दोन्ही भाग मारिफ़ा असताना इस्म कोणतं हे लिहिणाऱ्याच्या मर्जीवर असतं, की ‘अन’च्या उपवाक्याला इस्म मानण्याला व्याकरणात काही प्राधान्य आहे?