मदत हवी आहे : वर्षाच्या मध्येच शाळा बदलल्यामुळे क्लासचे पुढील हप्ते थांबवण्याचा संदेश कसा लिहावा?

आठवीची_आई
माझ्या मुलीची शाळा नोव्हेंबरमध्ये बदलली. नव्या शाळेची वेळ दुपारची असल्याने तिला पूर्वीच्या क्लासला जाणे शक्य नाही. १४ नोव्हेंबर हा तिचा तिथला शेवटचा दिवस होता. वर्षाचे शुल्क जून ते मार्च अशा १० हप्त्यांत ठरले होते आणि ते दर महिन्याच्या ५ तारखेला खात्यातून आपोआप वजा होते. ६ हप्ते भरून झाले आहेत. आज २२ नोव्हेंबर आहे. मी पुढील मसुदा तयार केला आहे :

«मुलीची शाळा बदलल्यामुळे आम्ही डिसेंबरपासून हप्ते थांबवत आहोत. कृपया सहकार्य करावे.»

शिक्षकांनी तिच्यासाठी मनापासून कष्ट घेतले आहेत, त्यामुळे कटुता येऊ नये असे फार वाटते. एवढा मजकूर पुरेसा आहे का?

सरळमार्गी
संदेश पाठवण्याची गरजच नाही. बँकेला सांगून वजावट बंद करावी, म्हणजे विषय तिथेच मिटतो. मूल शिकायला जात नसेल, तर पैसे मागण्याचा हक्क कोणालाच नाही.

दोन_मुलांचे_बाबा
आमच्या मुलाच्या वेळी शाळेने दाखला देण्यापूर्वी पूर्ण सत्राचे शुल्क मागितले होते. तुम्ही दाखला आधी हातात घ्यावा, असे मी सुचवेन.

आठवीची_आई
दाखला मिळाला आहे. माझा प्रश्न शाळेच्या नव्हे, क्लासच्या शुल्काचा आहे.

फळा_आणि_हिशेब
मी एका क्लासच्या कार्यालयात बरीच वर्षे हिशेब पाहिले आहेत. आपल्या मसुद्यातील अडचण सौजन्याची नाही. त्यात हप्ते थांबवल्याचे लिहिले आहे, पण प्रवेश रद्द केल्याचे कुठेही म्हटलेले नाही. मुलीचे नाव पटावर राहिले, तर कार्यालयाच्या वहीत दर महिन्याला थकबाकी चढत जाते आणि मार्चमध्ये ४ हप्त्यांची मागणी येते. केवळ बँकेतील वजावट बंद केली तरी हेच घडते, म्हणून वर दिलेला सल्ला अर्धाच उपयोगी आहे. तेव्हा आधी प्रवेश रद्द करण्याची सूचना द्यावी आणि हप्ते थांबणे हा तिचा परिणाम म्हणून लिहावा.

मात्र त्याआधी खात्याच्या विवरणात वजावट कोणाच्या नावाने होते, ते पाहावे. काही ठिकाणी क्लासला वर्षाचे पैसे कर्ज देणारी कंपनी एकरकमी देते आणि पालक जे भरतात ते त्या कर्जाचे हप्ते असतात. तसे असेल तर हप्ता चुकवल्याने क्लासला काहीच फरक पडत नाही; दंड आणि थकबाकीची नोंद मात्र पालकाच्या नावावर होते. अशा वेळी क्लासने उरलेली रक्कम कंपनीकडे परत करून कर्ज बंद झाल्याचे पत्र मिळवून द्यावे लागते.

आठवीची_आई
विवरणात क्लासचेच नाव आहे, त्यामुळे जीव भांड्यात पडला. प्रवेश अर्ज पुन्हा वाचला. त्यात «प्रवेश रद्द करण्यासाठी एक महिन्याची लेखी पूर्वसूचना आवश्यक» असे वाक्य आहे, परंतु उरलेले शुल्क भरण्याविषयी काहीही नाही.

फळा_आणि_हिशेब
मग सूचना आजच पाठवावी, कारण महिना तिच्या तारखेपासून मोजला जातो. मी असे लिहिले असते :

«सादर नमस्कार. माझी मुलगी (नाव, इयत्ता आठवी, सायंकाळची तुकडी) हिची शाळा बदलल्यामुळे तिला क्लासला येणे शक्य नाही. १४ नोव्हेंबर हा तिच्या उपस्थितीचा शेवटचा दिवस होता. अर्जातील अटीनुसार ही तिचा प्रवेश रद्द करण्याची लेखी पूर्वसूचना समजावी. नोव्हेंबरपर्यंतचे ६ हप्ते भरलेले आहेत. पूर्वसूचनेच्या काळाचे काही देणे निघत असल्यास त्याचा हिशेब कळवावा. त्यापुढील हप्ते आकारू नयेत आणि खात्यातील वजावट बंद करावी. प्रवेश रद्द झाल्याचे व बाकी काही नसल्याचे लेखी कळवावे, ही विनंती. आपण मुलीकडे दिलेल्या लक्षाबद्दल आम्ही ऋणी आहोत.»

हा मजकूर ईमेलने पाठवून त्याची प्रत कार्यालयाच्या क्रमांकावरही द्यावी. बँकेतील आदेश आपण स्वतः रद्द करावा आणि ५ तारखेची वाट पाहू नये, कारण वजावटीची मागणी आधीच बँकेकडे गेलेली असू शकते. खात्यात मुद्दाम पैसे न ठेवणे हा उपाय नव्हे. परत गेलेल्या वजावटीचे शुल्क बँक आपल्याकडूनच घेते.

सरळमार्गी
पण देणे निघत असल्यास कळवा, असे आपणहून का लिहावे? १४ तारखेनंतर त्यांनी काहीच शिकवलेले नाही, उलट नोव्हेंबरचा अर्धा हप्ता परत मागायला हवा.

फळा_आणि_हिशेब
मागता येईल, पण पूर्वसूचनेची अट आपण सहीने मान्य केली आहे. सूचना २२ डिसेंबरला पूर्ण होते, म्हणून क्लास डिसेंबरचा पूर्ण हप्ता मागेल. मी असतो तर ३१ पैकी २२ दिवसांचीच रक्कम मान्य केली असती. अर्जात दिवसांच्या हिशेबाचा उल्लेख नसल्याने इथे दोन्ही बाजूंना वाव आहे.

आठवीची_आई
आपलाच मसुदा आत्ता पाठवला आणि बँकेतील आदेशही रद्द केला. डिसेंबरविषयी त्यांचे उत्तर आले की इथे लिहीन.