फिल्टर लावल्यावर लाल-हिरवा वेगळा दिसला, मग नकाशा पास ना?

मांडवीकाठी: फेरीबोटीच्या मार्गांचा नकाशा करतेय. पणजी–बेती लाल (`#D32F2F`), रायबंदर–चोडण हिरवी (`#388E3C`). रंगांध माणसाला कळेल का ते बघायला विंडोजच्या Color filters मधला deuteranopia, म्हणजे हिरव्याची जाण नसण्याचा प्रकार, लावला. रेषा स्पष्ट वेगळ्या दिसतायत. छापायला देऊ ना?

फोंड्याचा छापखाना: नको. तो फिल्टर रंगांध माणसाला काय दिसतं ते दाखवत नाही, त्याला बघायला मदत करतो. लाल-हिरव्यातला जो फरक त्याला निसटतो, तो दुसऱ्या रंगांत सरकवतो. चोडणची बोट पकडणाऱ्याच्या हातात कागद असणार, त्यावर कुठला फिल्टर? फोटोशॉपमध्ये View > Proof Setup मधली Color Blindness बघा. दोन्ही रेषा मातकट होतील.

साळगावचो: कशाला एवढा खटाटोप? Grayscale लावा. राखाडीत वेगळं दिसलं की सगळ्यांना दिसतं.

फोंड्याचा छापखाना: चाळणी म्हणून ठीक. या दोन रंगांत कॉन्ट्रास्ट जेमतेम 1.2:1, राखाडीत ते सख्खे भाऊच. पण protanopia असलेल्याला, म्हणजे लालाची जाण नसलेल्याला, लाल रंग तुमच्या-माझ्यापेक्षा काळपट दिसतो. काळ्यावरची लाल अक्षरं तुम्हाला राखाडीत वाचता येतील, त्याला येतीलच असं नाही.

मडगावचा फ्लेक्सवाला: मला स्वतःलाच हिरवा-तपकिरी कळत नाही, म्हणून हाच फिल्टर दिवसभर चालू असायचा. एकदा बॅनरचा केशरी डोळ्यांनी जुळवला. छापून आल्यावर बायको म्हणाली, हा तर विटकरी! फिल्टर फक्त पडद्यावर होता, फाइलमधला रंग मात्र मी खरोखर बदलला होता. ग्राहकाला स्क्रीनशॉट पाठवलेला, त्यात फिल्टर उतरत नाही. म्हणजे त्याला विटकरी दिसत होता, मला केशरी, आणि दोघंही "ओके" म्हणालो. आता मेनू, फाइली वाचायला चालू ठेवतो, रंग ठरवताना Win+Ctrl+C ने बंद करून आकडे बघतो. ही शॉर्टकट आधी सेटिंगमध्ये चालू करावी लागते.

साळगावचो: मग फोटोशॉपचं तरी खरं कशावरून? बहुतेकांची नजर अर्धवटच कमकुवत असते.

फोंड्याचा छापखाना: हे मान्य. तो टोकाचा प्रकार दाखवतो. पण तिथे टिकलं तर सौम्य प्रकारातही बहुधा टिकतं.

मडगावचा फ्लेक्सवाला: मला प्रूफ आणि मूळ चित्र यांत थोडा फरक दिसतो. म्हणजे ते माझं जग नव्हे. माझ्यासारख्या एकाला कागद दाखवून विचारा, प्रूफपेक्षा ते बरं.

मांडवीकाठी: बेती निळी `#0D47A1`, चोडण केशरी `#FFA000` केली. आपसांत 4.2:1.

फोंड्याचा छापखाना: आपसांत उत्तम. पण पांढऱ्या कागदावर तो केशरी 2:1 सुद्धा जेमतेम. काळी कड द्या, नाहीतर रेष तुटक करा.

साळगावचो: तुटक रेष म्हणजे बोट बंद आहे असं वाटणार नाही का?