मदत हवी आहे: सव्वा वर्षाच्या मुलाचं बोरन्हाण, काय टाकू आणि खायला काय, कसं चिरून देऊ?

राजारामपुरीची_सून:
नमस्कार. आमचं पिल्लू सव्वा वर्षाचं आहे. पुढचे दात आलेत, दाढांचा अजून पत्ता नाही. संक्रांतीनंतरच्या रविवारी घरीच बोरन्हाण करायचं ठरलंय. गल्लीतली, नात्यातली बरीच पोरं येणार. सासूबाईंनी यादी काढलीये: चुरमुरे, बोरं, उसाचे तुकडे, भुईमुगाच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, रेवड्या, रंगीत गोळ्या, हलवा. शिवाय अंगावर हलव्याचे दागिने.

आमचा पठ्ठ्या हाताला लागेल ते तोंडात घालतो. मी तसं म्हटलं तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे डोक्यावरनं टाकायचं असतं, त्याला कुठं खायचंय?" त्यांचंही खरं आहे, पण तो त्या ढिगात बसणार आहे ना! यादीतलं काय ठेवू, काय काढू? त्या दिवशी पाहुणे त्याच्या हातात काहीबाही देणारच, तेव्हा त्याच्यासाठी वेगळी वाटी भरून ठेवायचा विचार आहे. द्राक्षं, बोरं, गाजर कशी चिरू? आणि देव न करो, अडकलंच काही तर काय करायचं?

भडंगवाला_जयसिंगपूर:
वहिनी, एवढं टेन्शन घेऊ नका. गोळ्या आणि दाणे काढा, बाकी राहू दे. द्राक्षं, गाजर यांच्या गोल चकत्या करायच्या, रुपयाच्या नाण्याएवढ्या. आमच्या लेकीला तशाच दिल्या. दाणे द्यायचेच असले तर रात्रभर भिजवा, मऊ होतात. आणि अडकलं तर पाय धरून उलटं करायचं, पाठीत थोपटायचं, नाहीतर घशात बोट घालून काढायचं. आमची आजी असंच करायची.

मंगळवारपेठ_मावशी:
बोरं थंडीत देऊच नयेत बाळाला. खोकला धरतो, मग महिनाभर जात नाही. द्यायचीच तर दुपारी उन्हात, आणि वर पाणी अजिबात नाही. रात्री ओव्याची पुरचुंडी शेकवून छातीला लावा.

राजारामपुरीची_सून:
मावशी, खोकल्याचं नाही हो, घशात अडकण्याचं विचारतेय.

मंगळवारपेठ_मावशी:
बरं बरं. पण बोरानं खोकला होतोच.

ओटीतली_सिस्टर:
मी कान-नाक-घशाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये बरीच वर्षं काम केलंय. लहान मुलांच्या श्वासनलिकेतून दुर्बिणीनं जे काही निघताना पाहिलं, त्यात शेंगदाण्याचा नंबर पहिला. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सव्वा वर्षाचं मूल पुढच्या दातांनी तुकडा तोडतं, पण दाढा नसल्यामुळे त्याला तो दळता येत नाही. तोडलेला कडक तुकडा तसाच जिभेवर फिरत राहतो. त्याच क्षणी मूल हसलं, रडलं, दचकलं की खोल श्वास आत जातो आणि त्याबरोबर तुकडाही. आता बोरन्हाण डोळ्यांसमोर आणा. डोक्यावर काहीतरी पडतंय, भोवती गलका, मूल हमखास भोकाड पसरतं, आणि तेवढ्यात तोंडात एक दाणा गेलेला असतो. त्यामुळे "टाकायचं, खायचं नाही" हे या वयात चालत नाही.

यादीतलं माझं मत असं. शेंगा, घाटे, रेवड्या, गोळ्या, उसाचे तुकडे आणि छोटी गावरान बोरं पूर्ण काढा. शेंग टरफलासकट असली तरी मोठी पोरं ती तिथंच फोडतात आणि प्रेमानं बाळाच्या तोंडात दाणा घालतात. धोका बऱ्याचदा असा ताई-दादाकडूनच येतो. उसाचा तुकडा चावून चोथा थुंकायची अक्कल या वयात नसते. हलवा छोटा दिसतो म्हणून लोक सोडून देतात, पण तो टणक आणि गोल आहे. दागिन्यांचंही तेच. गळ्यातला हार आणि हातातलं कडं थेट तोंडात जातं, दोरा ओला झाला की मणी सुटतात. मुकुट घालायला हरकत नाही, तो तोंडाला लागत नाही. हार फोटोपुरता घालून लगेच काढा, नाहीतर त्या जागी कापडी फुलांचा करा.

आता चिरण्याचं. भडंगवाले दादा, चकत्यांचं उलटं आहे. गोल चकती म्हणजे श्वासनलिकेला बसेल असं बूचच. द्राक्ष उभं चिरायचं, देठापासून खालपर्यंत, आधी दोन भाग, मग प्रत्येकाचे पुन्हा उभे दोन, म्हणजे चार लांबट फाका होतात. बिया असतील तर काढायच्या. आता तासगावची द्राक्षं बाजारात यायला लागतील, ती लांब असतात म्हणून लोकांना वाटतं आडवी चिरली की छोटी झाली. छोटी होतात खरी, पण गोलच राहतात. बोर द्यायचं तर मोठं अ‍ॅपल बोर घ्या, साल काढा, बीपासून गर सोडवून पातळ काप करा आणि बी लगेच कचऱ्यात टाका, ताटलीत ठेवू नका. कच्चं गाजर आणि सफरचंद या वयात किसूनच. नाहीतर गाजर इतकं वाफवा की दोन बोटांत धरून दाबलं तर चुरगळलं पाहिजे. हीच परीक्षा बटाटा, बीट, वाटाणा, सगळ्याला लावा. हरभरा, मका उकडूनही दाणा अख्खा देऊ नका, चेपून द्या.

दाणे भिजवले तरी गोल, निसरडे आणि अख्खेच राहतात. पाच वर्षांपर्यंत अख्खा दाणा नाही, काजू-बदामही नाहीत. पण दाण्याचा बारीक कूट भातात, खिचडीत, भाजीत मिसळून खुशाल द्या. फक्त कोरडा कूट चमच्यानं तोंडात टाकू नका, श्वासाबरोबर ओढला जातो.

कागलचा_मामा:
सिस्टर बोलतायत ते लई खरं हाय. आमच्या भाच्याचं झालंय. दीड वर्षाचा होता, भडंग खाताना ठसका लागला, पोरगं लाल झालं, पाणी पाजलं, शांत झालं. आम्ही इसरून गेलो. मग खोकला सुरू. औषध दिलं की कमी व्हायचा, परत चालू. मधनंच ताप. एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. कोण म्हणालं दमा, कोण म्हणालं धुळीची अ‍ॅलर्जी. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी दोन्ही बाजूंनी कान लावून ऐकलं आणि इचारलं, "ह्याला कधी काही खाताना ठसका लागला होता का?" तवा माझ्या बहिणीला भडंग आठवलं. दुर्बिणीनं अर्धा दाणा निघाला. पोरगं आता ठणठणीत हाय, शाळेत जातंय. पण मला अजून कळंना, एक्स-रेमध्ये कसा दिसला नाही?

ओटीतली_सिस्टर:
मामा, दाणा एक्स-रेत दिसतच नाही. नाणं, टाचणी दिसते, खाण्याच्या वस्तू सहसा दिसत नाहीत. फार तर एका बाजूचं फुप्फुस जास्त फुगलेलं किंवा दबलेलं दिसतं, आणि सुरुवातीला तेही नसू शकतं. दाणा बऱ्याचदा उजवीकडे जातो, कारण उजवी शाखा जास्त रुंद आणि सरळ असते. आत गेला की ओलाव्यानं फुगतो आणि त्याच्या तेलानं आतल्या अस्तराला सूज येते. म्हणून पोरगं सुरुवातीला बरं वाटतं आणि मग खोकला धरतं. एकाच बाजूला घरघर किंवा श्वासाचा आवाज कमी असेल तर शंका घ्यायची. आणि ठसका लागून थांबला असला तरी डॉक्टरांना तो सांगायचा, कितीही दिवस झाले असले तरी. त्या एका वाक्यावर निदान होतं.

भडंगवाला_जयसिंगपूर:
चकत्यांचं पटलं. पण भडंगाला दोष देऊ नका, दोष दाण्याचा! 😄 आणि आजीचा उपाय चालतो की नाही ते राहिलंच.

ओटीतली_सिस्टर:
पाय धरून उलटं करू नका, बोटही घालू नका. बोटानं वस्तू आणखी खाली जाते. समोर स्पष्ट दिसत असेल तरच चिमटीत धरून काढायची. पाणीही पाजू नका.

आधी बघायचं, आवाज येतोय का. मूल जोरात खोकतंय, रडतंय, ओकारी काढतंय, चेहरा लाल झालाय, तर हवा जातेय. तेव्हा पाठीत धपाटे घालू नका, शेजारी बसून खोकू द्या. आवाज बंद, खोकला निघत नाही, ओठ निळसर, डोळे मोठे, असं दिसलं तर अडकलंय. मूल एक वर्षावरचं असेल तर त्याला पुढे वाकवून, डोकं खाली राहील असं मांडीवर किंवा हातावर घ्या आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेनं पाच जोरदार थापा. नाही निघालं तर मागून मिठी घालून, बेंबी आणि बरगड्यांच्या मधे मूठ ठेवून आत आणि वरच्या दिशेनं पाच झटके. निघेपर्यंत आलटून पालटून हेच. वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर झटके द्यायचे नाहीत. त्याला पाठीवर पाच थापा आणि मग छातीच्या मधोमध पाच दाब. दुसऱ्या माणसानं तोवर १०८ लावायचा. मूल निपचित झालं तर कडक जागेवर झोपवून सीपीआर सुरू करायचा. पोटावर झटके दिले असतील तर वस्तू निघाल्यावरही डॉक्टरांना दाखवायचं, आत इजा झालेली असू शकते. हे वाचून हात बसत नाही, कुठं प्रशिक्षण मिळत असेल तर सासू-सून दोघी जाऊन करा.

शाहूपुरीतली_आई:
चुरमुऱ्यांचं कुणी बोललंच नाही. आम्ही नुसते चुरमुरे आणि गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या होत्या. चुरमुरा तोंडात विरघळतो, काही होत नाही.

ओटीतली_सिस्टर:
एखाददुसरा विरघळतो. मूठभर कोरडे तोंडात कोंबले आणि रडलं तर ठसका लागू शकतो. मी माझ्या नातवाला टाकले नसते. पण डॉक्टरांमध्येही यावर एकमत असेल असं नाही. कडक, जाड चुरमुरे आणि मऊ, पातळ चुरमुरे यातही फरक आहे.

शाहूपुरीतली_आई:
मग बोरन्हाणात उरतं काय हो, नुसत्या पाकळ्या?

कागलचा_मामा:
फुगं टाकू नका म्हणजे झालं. आमच्या गल्लीत एकानं बारीक फुगं टाकलेलं. फुटला तर रबराचा तुकडा घशाला चिकटतोय.

राजारामपुरीची_सून:
सगळ्यांचे आभार. सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. मामांच्या भाच्याचं ऐकून शेंगा त्यांनी स्वतःच यादीतून काढल्या. ठरलंय असं: त्याच्या डोक्यावर झेंडूच्या, गुलाबाच्या पाकळ्या आणि कापडाची मोठी बोरं, ती नणंद शिवणार आहे. बोरं, ऊस, रेवड्या, शेंगा मोठ्या पोरांना नंतर पुडीत बांधून, जाताना हातात. हलव्याचा मुकुट राहील, हार नाही. त्याच्या वाटीत उभी चिरलेली द्राक्षं, वाफवलेलं गाजर आणि दाण्याचा कूट घातलेला मऊ भात. तो बसलेला असतानाच खाईल, कुणी रांगता-पळता भरवणार नाही. चुरमुऱ्यांवर घरात अजून वाद चालू आहे, सासरे चुरमुऱ्यांच्या बाजूनं आहेत.

ओटीतली_सिस्टर:
छान. कार्यक्रम झाला की जमीन झाडून घ्या, आणि दिवाणाखाली, सोफ्याच्या फटीत, चटईखाली बॅटरी मारून बघा. तिथं घरंगळलेला हलवा आठ दिवसांनी रांगणाऱ्या पोरालाच आधी सापडतो.

बिंदूचौक_बाबा:
उशिरा आलो. आमची चार वर्षांची आहे, तिला पिक्चरला पॉपकॉर्न चालेल का?

ओटीतली_सिस्टर:
अजून वर्षभर थांबा. अंधारात, हसताना, दचकताना तर नाहीच.