मदत हवी आहे: वेन आकृतीत ‘दोन्ही’ म्हणजे ‘फक्त दोन्ही’ का?

100 जणांच्या सर्वेक्षणात मराठी वर्तमानपत्र 50 जण वाचतात, हिंदी 40, इंग्रजी 35. मराठी व हिंदी 15, मराठी व इंग्रजी 12, हिंदी व इंग्रजी 10, तिन्ही 5. एकही न वाचणारे किती?

मी 125 − 37 + 5 = 93 केलं, म्हणून 7. उत्तरसूचीत 22 आहे. 15, 12, 10 हे ‘फक्त दोनच वाचणारे’ धरले, तर तिन्ही वाचणारे दोनदा जास्त मोजले जातात: 125 − 37 − 10 = 78, म्हणजे 22 जुळतं. पण प्रश्नात ‘फक्त’ हा शब्दच नाही! दोन्ही आकृत्या भरून पाहिल्या, कुठेच ऋण संख्या येत नाही, त्यामुळे आकड्यांवरूनही निवड होत नाही.

स्पर्धा परीक्षेत ‘फक्त’ नसेल तर 15 मध्ये तिन्ही वाचणारे 5 धरायचेच ना, की उत्तरसूची बरोबर आहे?