‘डोकं बसलं’, ‘फिक्स झालं’, ‘फिरलं’: बाळंतपणातल्या हालचालींना मराठीत काय म्हणायचं?

रेवती: एएनएमच्या विद्यार्थिनींसाठी एक पुस्तिका मराठीत करतेय. कळा सुरू झाल्यावर बाळाचं डोकं कटीच्या हाडांमधून कसं वाट काढतं, यावर त्यात एक प्रकरण आहे. ‘एंगेजमेंट’साठी मी ‘डोके स्थिर होणे’ लिहिलं होतं, संपादकांनी ते ‘डोके बसणे’ केलं. ‘रोटेशन’साठी ‘फिरणे’ लिहिलंय, पण खात्री वाटत नाही. प्रसूतिगृहात काम केलेल्यांनी सांगावं, तिथे प्रत्यक्ष काय म्हणतात?

दिगंबर: स्थिर होणं आणि बसणं एकच. पोटावरून डोकं धरून हलवून बघतात. हललं नाही की बसलं. पहिलटकरणीचं नववा लागताना बसायलाच हवं, नाही बसलं तर कटी लहान.

सिस्टर माई: दिगंबर, एकच नाही. आमच्या लेबर रूममध्ये ‘फिक्स’ आणि ‘एंगेज’ हे दोन वेगळे शब्द होते, आणि नव्या मुलींचा घोळ नेमका इथेच व्हायचा. डोक्याचा थोडा भाग कटीच्या तोंडात शिरला की ते डावी-उजवीकडे हलत नाही. हे फिक्स. पण डोक्याचा सगळ्यात रुंद भाग अजून वरच असू शकतो. तो रुंद भाग कटीचं वरचं तोंड ओलांडून खाली गेला, की मग एंगेज.

ओळखायचं हाताने. जघनाच्या हाडाच्या वर पोटावर बोटं आडवी ठेवायची. सगळं डोकं वर असेल तर पाच बोटांत मावतं. तीन बोटं लागली तर बहुधा फिक्स, पण एंगेज नाही. दोन किंवा त्याहून कमी लागली तर एंगेज. म्हणून रेवती, ‘स्थिर होणे’ काढून टाका, त्याने अर्थ चुकतो.

आणि पहिलटकरणीचंसुद्धा कधी कधी कळा सुरू झाल्यावरच खाली येतं. वर असेल तर आधी लघवीची पिशवी भरलीय का बघा, तारीख चुकलीय का बघा, वार खाली आहे का हे सोनोग्राफीच्या कागदावर बघा. कटीला लगेच दोष देऊ नका.

ओंकारची_आई: मला ‘फिरणे’बद्दल बोलायचंय. आठव्या महिन्यात सोनोग्राफी केली तेव्हा म्हणाले, ‘बाळ फिरलं, आता काळजी नाही.’ घरात पेढे वाटले. मग बाळंतपणात आठ-नऊ तास कळा दिल्यावर म्हणाले, ‘बाळ फिरत नाहीये, सिझर करू.’ एकदा फिरलेलं बाळ परत उलटं झालं का? हे मला आजपर्यंत कुणी सांगितलं नाही.

डॉ. कल्याणी: नाही, उलटं झालं नव्हतं. आधी ते ढुंगणावर किंवा पायांवर असणार, मग डोकं खाली आलं. ते अख्ख्या बाळाचं उलटणं. दुसऱ्या वेळी जे झालं नाही, ते डोक्याचं वळणं. डोकं खालीच होतं, पण स्वतःभोवती वळायला हवं होतं तेवढं वळलं नसणार. तुमचा कागद न बघता याहून जास्त सांगणं बरोबर नाही. रेवती, यावरूनच ठरवा: पहिल्याला ‘उलटणे’, दुसऱ्याला ‘वळणे’. ‘फिरणे’ दोन्हीकडून काढा.

रेवती: पण वळायची गरजच का पडते? हे कळलं तर शब्द नीट बसेल.

डॉ. कल्याणी: वाटेचा आकार मध्येच बदलतो म्हणून. कटीचं वरचं तोंड आडवं रुंद असतं: बाजूने बाजूला साधारण 13 सेंमी, पुढून मागे 11 च्या आसपास. म्हणून डोकं बहुतेक वेळा आडवं शिरतं, बाळाचं तोंड आईच्या मांडीकडे. खालच्या तोंडाशी उलट, तिथे पुढून मागे जास्त जागा. मध्ये दोन बाजूंनी कटीच्या हाडांची ‘स्पाइन’ म्हणतात ती टोकं आत येतात, त्यांच्यातलं अंतर जेमतेम 10 ते 10.5 सेंमी. आडवं शिरलेलं डोकं तसंच आडवं बाहेर येऊ शकत नाही.

मान वाकून हनुवटी छातीला टेकलेली असली, की डोक्याचा सुमारे 9.5 सेंमीचा व्यास पुढे येतो. मान ताठ राहिली तर तोच 11.5 होतो. नीट वाकलेल्या डोक्याची मागची बाजू आधी खालच्या स्नायूंवर टेकते, आणि त्या स्नायूंच्या उतारावरून पुढे, जघनाच्या हाडाकडे वळते. मग मानेचा मागचा भाग त्या हाडाखाली अडतो आणि डोकं मागे झुकत बाहेर येतं, आधी कपाळ, मग नाक, शेवटी हनुवटी. याला ‘डोके वर उचलणे’ लिहू नका, ‘मान मागे झुकणे’ लिहा.

दिगंबर: मग कटीचे चार आकार असतात ना? गोल, पुरुषी, लांबट, चपटी. आधीच एक्स-रे काढून कुणाचं नॉर्मल होणार ते सांगता येईल.

डॉ. कल्याणी: चार आकार बरोबर. काल्डवेल आणि मोलॉय यांनी 1933 मध्ये एक्स-रे बघूनच ते मांडले. पण बऱ्याच बायकांची कटी मिश्र असते, पुढून एक, मागून दुसरी. आणि वाट नुसत्या हाडांची नसते. कळांचा जोर, डोकं किती वाकलंय, कवटीची हाडं एकमेकांवर किती सरकतात, यावर निकाल लागतो. त्यामुळे नुसता आकार बघून ‘होणार’ किंवा ‘नाही’ सांगता येत नाही. कल तेवढा कळतो. लांबट कटीत पुढून मागे जागा जास्त, त्यामुळे बाळाच्या डोक्याची मागची बाजू बऱ्याचदा आईच्या पाठीकडे राहते. अशी बरीच बाळं उशिरा का होईना पुढे वळतात, काही वर तोंड करूनच जन्मतात. चपट्या कटीत वरचं तोंडच कठीण. ते ओलांडलं की पुढचं सहसा सोपं.

सिस्टर माई: आणि पुरुषी कटीत मध्येच अडतं. माझ्या एका रात्रपाळीतली पहिलटकरीण सांगते. गर्भपिशवीचं तोंड पूर्ण उघडलेलं, डोकं स्पाइनच्या पातळीला, कवटीचा मधला सांधा बोटाला सरळ आडवा लागत होता. स्पाइन दोन्हीकडून टोकदार, जघनाखालची कमान अरुंद. तासाभराने बघितलं तर डोकं खाली आल्यासारखं वाटलं. बरोबरची मुलगी म्हणाली, ‘उतरलं!’ मी तिला पोटावर हात ठेवायला लावला. वर अजून दोन बोटं, मघाशी होती तेवढीच. खाली लागत होती ती डोक्याच्या कातडीवरची सूज. सांधा जागचा हललेला नव्हता. डॉक्टरांना उठवलं, सिझर झालं, बाळ रडलं. हे ‘आडवं अडकणं’ पुस्तिकेत घ्या, आणि खालून तपासण्याआधी वरून बोटं मोजा हेही घ्या.

ओंकारची_आई: माझ्या कागदावर ‘डीप ट्रान्सव्हर्स अरेस्ट’ असं काहीतरी आहे. तेच का हे?

डॉ. कल्याणी: हो, तेच. पुढच्या वेळी दिवस गेले तर हा कागद पहिल्याच भेटीत दाखवा. आधी असं झालं म्हणून पुन्हा होईलच असं नाही, पण डॉक्टरांना माहीत असायला हवं.

रेवती: ‘उलटणे’, ‘वळणे’, ‘मान मागे झुकणे’, ‘आडवे अडकणे’ घेतले. ‘पुरुषी कटी’ मात्र छापवत नाही. उद्या एखादी एएनएम बाईला तोंडावर म्हणेल, ‘तुझी कटी पुरुषी आहे.’ वरचं तोंड पत्त्यातल्या बदामासारखं असतं ना? ‘बदामी कटी’ कसं वाटतं?

दिगंबर: बदामी म्हणजे रंग वाटतो.

सिस्टर माई: मुलींना परीक्षेत तिचं इंग्रजी नाव ‘अँड्रॉइड’च लिहायचंय. तेच देवनागरीत ठेवा, खाली चित्र द्या.

डॉ. कल्याणी: माईंचं परीक्षेपुरतं पटतं. पण पुस्तिका पुढे आशांच्याही हातात जाणार असेल, तर मी ‘निमुळती कटी’ सुचवेन. खाली जाताना भिंती जवळ येतात, आणि अडतं ते त्यामुळेच.

रेवती: ‘एंगेजमेंट’चं मग ‘बसणे’ नक्की ना?

सिस्टर माई: ‘बसणे’ नको, बसलं म्हणजे थांबलं वाटतं. ‘डोकं कटीत उतरलं’ लिहा.

डॉ. कल्याणी: मग ‘डिसेंट’ला, म्हणजे डोकं खाली सरकत जाण्याला, काय उरलं? मी ‘बसणे’च ठेवेन.