पालकाच्या पाकिटावरचं जर्मन: खोली, अंतर आणि महिना

प्रेषक: मेघना (आउग्सबुर्ग)
३ जून, रात्री

नमस्कार मंडळी,

माझे सासरे सांगलीहून तीन महिन्यांसाठी आले आहेत. जन्मभर शेती केलेला माणूस, त्यामुळे बाल्कनीतला रिकामा खोका त्यांना बघवत नाही. बाजारातून पालकाच्या बियांचं पाकीट आणलंय. पाठीमागचा फोटो जोडते आहे. पाकीट चकचकीत असल्याने मधोमध दिव्याची तिरीप आली आहे आणि उजवा कोपरा दुमडलेला आहे.

मला एवढं वाचता येतंय: आउससाट म्हणजे पेरणी, पुढे 'मेर्त्स बिस माय', मग तिरीप, मग 'सेप्टेंबर'. खाली हिरवी पट्टी मार्चपासून सप्टेंबरपर्यंत गेलेली दिसते. 'साटटीफे २–३ सेमी' म्हणजे पेरणीची खोली, हे समजलं. पुढे नुसतं '२५ × ५ सेमी' लिहिलंय. यातलं ओळींमधलं अंतर कोणतं आणि रोपांमधलं कोणतं? 'डुंकेलकायमर' आणि 'फेरआइनत्सेल्न' हे शब्द मला लागत नाहीत.

बाबा म्हणतात, येत्या आठवड्यात मृग लागतोय, पेरून टाकू. खोका ८० सेमी लांब आणि २० सेमी रुंद आहे. शनिवारी पेरायचा विचार आहे.

मेघना

---

प्रेषक: प्रशांत (श्टुटगार्ट)
३ जून, रात्री

मेघना, खुशाल पेर. इथे १५ मेपर्यंत थंडीची धास्ती असते. लोक 'आइसहायलिगे' म्हणतात त्या पाच दिवसांत रात्री हमखास पारा घसरतो, असा जुना समज आहे. ते दिवस उलटले की बाहेर काहीही लावता येतं. आम्ही टोमॅटो आणि घेवडा त्यानंतरच लावतो. पट्टीही सप्टेंबरपर्यंत आहे म्हणतेस, म्हणजे प्रश्नच मिटला.

प्रशांत

---

प्रेषक: अमोल (न्युर्नबर्ग)
४ जून, सकाळी

बियांचा विषय निघालाच आहे म्हणून माझंही विचारतो. तुळशीचं बी दोनदा पेरलं, चांगलं बोटभर खोल, वरून माती दाबून. एकही कोंब नाही. मेघनाच्या पाकिटावर २–३ सेमी आहे, म्हणजे माझी खोली बरोबरच होती ना? मग बीच खराब असणार.

अमोल

---

प्रेषक: सुनीता (म्युनिक)
४ जून, दुपारी

मेघना, फोटो मोठा करून पाहिला. शनिवारी पालक पेरू नकोस. कारण सांगते.

तिरिपेच्या खाली पट्टी सलग नाही. तिरिपेच्या डाव्या कडेला एक अक्षर अर्धं दिसतंय, ते 'उंट' या शब्दाचं पहिलं अक्षर आहे. जर्मनमध्ये त्याचा अर्थ 'आणि'. म्हणजे ओळ अशी आहे: 'मार्च ते मे आणि ऑगस्ट ते सप्टेंबर'. पेरणीचे हंगाम दोन आहेत. मधले जून-जुलै वगळलेले आहेत आणि नेमके तेच तिरिपेखाली गेलेत. शिवाय अशा पाकिटांवर बहुधा दोन पट्ट्या असतात, एक पेरणीची आणि एक काढणीची. तुझ्या फोटोत खालची पट्टी काढणीची वाटते, कारण तिच्याशेजारी कात्रीचं चित्र आहे. महिन्यांची नावं नुसत्या आद्याक्षरांनी लिहिलेली असतात. जानेवारी, जून आणि जुलै तिघांचं अक्षर एकच, मार्च आणि मे यांचंही एकच. म्हणून अक्षर वाचायचं नाही, डावीकडून घर मोजायचं. सहावं आणि सातवं घर रिकामं आहे का, ते पाकीट हातात धरून उजेडात एकदा बघ.

प्रशांतने थंडीचं जे सांगितलं ते टोमॅटो, घेवडा, भेंडी यांच्यासाठी अगदी खरं आहे. पालकाला थंडीची भीतीच नाही, तो मार्चमध्ये पेरतात. त्याला सोसत नाही तो लांब दिवस. आपल्याकडे सांगली-पुण्याला जूनमधला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. इथे म्युनिक-आउग्सबुर्गकडे तो १६ तासांचा होतो. एवढा उजेड आणि वर ऊन मिळालं की हा पालक पानं वाढवणं थांबवतो आणि फुलाचा दांडा वर काढतो. मधलं पान टोकदार, बाणाच्या पात्यासारखं दिसायला लागलं की समजायचं, आता हा फुलावर चाललाय. त्यानंतर पानं कडवट होतात. एप्रिलमध्ये पेरलेलाही शेवटी फुलावर जातोच, पण त्याआधी कापून खाऊन झालेला असतो. जूनमध्ये पेरलेल्याला तेवढी मुदतच मिळत नाही. शिवाय माती फार तापली तर या बियांची उगवणही बिघडते.

आता आकडे. २५ × ५ मध्ये आधीचा मोठा आकडा दोन ओळींमधला, नंतरचा ओळीतल्या दोन रोपांमधला. मात्र ५ सेमी हे पेरतानाचं अंतर नव्हे. 'फेरआइनत्सेल्न' म्हणजे विरळणी. पेरताना बी दोन-तीन सेमीवर टाकायचं, उगवल्यावर दोन खरी पानं आली की मधली रोपं उपटून ५ सेमीवर एक ठेवायचं. उपटलेली कोवळी रोपं कोशिंबिरीत चालतात. 'डुंकेलकायमर' म्हणजे अंधारात उगवणारं बी. म्हणून २–३ सेमी माती वर हवीच, नुसतं भुरभुरून चालत नाही. बाबांना सांग, तर्जनीचं पहिलं पेर बुडेल एवढं. त्यांच्या हाताला ते माप नवीन नसेल.

अमोल, तुझं बी खराब नसावं. तुळस याच्या बरोबर उलट आहे. ते बी बारीक असतं आणि त्याला उजेड लागतो. इथल्या बाझिलिकमच्या, म्हणजे तुळशीच्या जर्मनीतल्या भावंडाच्या पाकिटावर 'लिष्टकायमर' असा शब्द बघ. असं बी ओल्या मातीवर टाकायचं, तळहाताने हलकं दाबायचं, वरून माती नाही. खिडकीत उबेला ठेव, पाणी फवाऱ्याने दे, वरून पारदर्शक झाकण ठेव आणि कोंब दिसले की ते काढ. बोटभर खोल गेलेलं हे बी वर येण्याआधीच संपतं.

सुनीता

---

प्रेषक: मेघना
४ जून, संध्याकाळी

सुनीताताई, पाकीट उजेडात धरलं. सहावं आणि सातवं घर खरंच रिकामं आहे.

बाबांना वाचून दाखवलं. खोलीचं त्यांना लगेच पटलं. फुलावर जाण्याचं मात्र पटत नाही. त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत देते: "आमच्याकडं पालक उन्हाळा-पावसाळा कधीही लावतात. एकदा लावला की पाच-सहा कापण्या निघतात. पालक उन्हानं फुलावर जातो हे मी कधी बघितलं नाही. आणि हे बी पालकाचं वाटत नाही. आमचं बी खडबडीत, गाठाळ असतं, हे गुळगुळीत गोल आहे."

आणि ८० बाय २० च्या खोक्यात २५ सेमीच्या ओळी बसवायच्या कशा?

मेघना

---

प्रेषक: सुनीता
४ जून, रात्री

बाबांनी बियांकडे पाहून ओळखलं ते अगदी बरोबर आहे. आपल्या बाजारात जो देशी पालक मिळतो तो बहुतेक करून बीटच्या जातीतला. त्याचं खडबडीत बी म्हणजे खरं तर चिकटलेल्या फळांचा गड्डा असतो, त्यातून एकाच जागी दोन-तीन कोंब निघतात. इथल्या पाकिटातलं ते वेगळं झाड आहे, ज्याला आपल्याकडे विलायती पालक म्हणतात. भाजी सारखी लागते, पण झाडाचा स्वभाव निराळा. बाबांचा अनुभव त्यांच्या पालकाचा आहे आणि त्या पालकाला तो लागू पडतो.

यातूनच शनिवारचा मार्ग निघतो. दुकानात 'मांगोल्ड' नावाचं पाकीट मिळेल. तो बीटच्या त्याच जातीतला आहे, म्हणजे देशी पालकाचा सख्खा. त्यातही 'श्निटमांगोल्ड' लिहिलेलं असेल तर उत्तम, तो पानांसाठी कापत राहायचा प्रकार. तो जूनमध्ये पेरता येतो. बी तसंच गाठाळ, खोली तीच २–३ सेमी, पण विरळणी जास्त कडक, कारण एका गाठीतून दोन-तीन रोपं येतात. एक ठेवायचं, बाकीची नखाने खुडायची. उपटली तर ठेवलेल्याचं मूळ हलतं.

खोक्याचं असं कर. २५ सेमी हे अंतर वाफ्यात कोळपं फिरावं आणि हवा खेळावी म्हणून असतं. खोक्यात कोळपं नाही, पण हवा हवीच. ऑगस्टमध्ये विलायती पालक लावशील तेव्हा मधोमध एक ओळ काढलीस तर विरळणीनंतर ८० सेमीत साधारण १६ रोपं राहतील. पान कोवळं असतानाच कापणार असशील तर १० सेमीवर दोन ओळी चालतील. पूर्ण वाढू देणार असशील तर एकच. दाट लावलेल्या पालकावर इथे ओल्या हवेत बुरशी येते. पानाच्या वरच्या बाजूला पिवळे डाग दिसतात आणि उलटून पाहिलं की त्याच जागी करडी-जांभळट लव असते. डाग पाहून लोक खत घालतात. आधी पान उलटून बघावं.

ऑगस्टच्या मध्यानंतर पेर. तेव्हा दिवस लहान होत जातो, त्यामुळे फुलावर जायची घाई त्याला राहत नाही.

सुनीता

---

प्रेषक: प्रशांत
४ जून, रात्री

मांगोल्ड आम्ही खाल्लाय. देठ जाड असतात आणि मातकट चव येते. ताकातल्या पातळभाजीला पालकाची सर येत नाही. त्यापेक्षा मेघनाच्या सासऱ्यांनी पुढच्या खेपेला देशी पालकाचं बी पिशवीतून आणावं, हे सोपं नाही का?

प्रशांत

---

प्रेषक: सुनीता
५ जून, सकाळी

प्रशांत, बी सामानातून आणू नका. डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाकडच्या पेरणीच्या बियांनाही वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. ते नसलं तर विमानतळावर बी जप्त होऊ शकतं.

आणि प्रमाणपत्र घेऊन आणलंच, तरी एक शंका उरते. बीटच्या जातीतली झाडं लहानपणी बराच काळ थंडीत राहिली की फुलावर जातात. देशी पालक इथे मार्चमध्ये बाहेर लावला तर तो टिकेल की दांडा काढेल? मे संपताना लावला तर? इथे कुणी लावून पाहिलाय का? असल्यास कधी पेरला आणि कितव्या कापणीनंतर फुलला, ते कृपया कळवा.

चवीचं म्हणाल तर पानं वीतभर होण्याआधीच कापा आणि देठ वेगळे काढून आधी परता. पातळभाजीपुरता तरी फरक पडतो.

सुनीता

---

प्रेषक: मेघना
५ जून, रात्री

श्निटमांगोल्डचं पाकीट मिळालं. या वेळी पाकीट खिडकीशी सपाट ठेवून, दिवा बंद करून फोटो काढलाय, दोन्ही बाजूंचा. पेरणीच्या पट्टीत चौथं, पाचवं आणि सहावं घर भरलेलं आहे, म्हणजे एप्रिल ते जून. अंतर '२० × ८' आहे. बाबांनी बी हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाले, "हां, हे आमचं."

सुनीताताई, दोन गोष्टी राहिल्या. बाबा बी रात्रभर पाण्यात भिजवून मग पेरायचं म्हणतात, पाकिटावर तसं काही नाही. भिजवू का? आणि खोक्याला तळाशी दोनच भोकं आहेत, ती पुरतील की आणखी पाडू?

मेघना

---

प्रेषक: सुनीता
५ जून, रात्री

भिजवा. गाठीचं आवरण जाड असतं, रात्रभर भिजवल्याने कोंब लवकर दिसतो. सकाळी लगेच पेरा, भिजलेलं बी वाळू देऊ नका. भोकं आणखी चार तरी पाडा आणि तळाशी खापऱ्या घाला. बाकी बाबांच्या हाताने होऊ दे.

सुनीता